कॅसेटवरचा दुसरा आवाज

लग्नाच्या व्हिडिओत नवरीची आई फार कमी दिसते. कॅमेरा बहुतेक वेळ स्टेजवर असतो आणि ती स्वयंपाकघर, पाहुणे, आहेर, मानपान यांत असते. शिवाय अनेक घरांत मंगलाष्टकांच्या वेळी वधूच्या आईनं समोर थांबायचं नाही, तुळशीला पाणी घालत बाजूला राहायचं, अशी रीत असते. त्यामुळे अक्षता पडतानाच्या, म्हणजे सगळ्यात सविस्तर चित्रित झालेल्या भागात ती नसतेच. मे १९९३ मध्ये पुण्यातल्या एका मंगल कार्यालयात झालेल्या लग्नाच्या कॅसेटचं असंच होतं. त्या लग्नातल्या वधूमायचा नातू, आता कॉलेजात शिकणारा, ती कॅसेट घेऊन माझ्याकडे आला. आजींना एक्याऐंशीवं लागलं होतं. सहस्रचंद्रदर्शनाचा घरगुती समारंभ ठरला होता. एक हजार पौर्णिमा पाहायला ८० वर्षं आणि सुमारे १० महिने लागतात, त्या हिशेबानं वाढदिवस आणि समारंभ जवळजवळ आले होते. आजींचे फोटो घरात पुष्कळ, पण त्या हलताना-बोलताना दिसतील असं जुनं चित्रण म्हणजे ही एकच कॅसेट. तिच्यातून आजींपुरता भाग काढून छोटी फिल्म करायची आणि कुणालाही न सांगता दाखवायची, असा त्याचा बेत होता.

माझी उमेदवारी त्याच काळातल्या लग्नाच्या शूटिंगमध्ये झाली, म्हणून तो माझ्याकडे आला. पुढे जे घडलं त्यातून अशा कॅसेटमध्ये नेमकं काय असतं, काय वाचवता येतं आणि काय येत नाही, हे चांगलं समजतं. त्यामुळे नावं गाळून, घरच्यांच्या परवानगीनं ते लिहीत आहे.

नातवाला मी पहिली गोष्ट सांगितली ती अशी, की कॅसेट घाईनं कुठल्याही व्हीसीआरमध्ये घालायची नाही. व्हीएचएस कॅसेटमध्ये १२.७ मिलिमीटर, म्हणजे अर्धा इंच रुंदीची पॉलिएस्टरची पट्टी असते. तिच्यावर चुंबकीय लोहकणांचा थर एका चिकट द्रव्यानं बसवलेला असतो. ई-१८० कॅसेटमध्ये अशी सुमारे अडीचशे मीटर पट्टी असते. हे चिकट द्रव्य आणि पट्टीवर बसलेली धूळ, हाताचा तेलकटपणा हे बुरशीचं खाद्य आहे. पुण्याच्या पावसाळ्यात जुन्या घरांच्या माळ्यावर, भिंतीला लागून ठेवलेल्या पेटीत महिनोन् महिने ओल राहते. ही कॅसेट अशाच माळ्यावर ट्रंकेत, जुन्या शालूखाली होती.

बुरशी ओळखणं सोपं आहे. कॅसेटच्या वरच्या बाजूला पारदर्शक खिडकी असते. उजेडात धरून तिच्यातून गुंडाळलेल्या पट्टीच्या कडेकडे पाहायचं. निरोगी पट्टीची कड काळी, सपाट आणि चकचकीत दिसते. बुरशी असेल तर तिथं पांढरट ठिपके, जाळी किंवा कापसासारखे तंतू दिसतात. धूळ असेल तर ती डबीच्या बाहेरच्या अंगाला असते आणि फुंकरीनं हलते, बुरशी पट्टीलाच चिकटलेली असते. इथं एका चाकावर पांढरं अर्धवर्तुळ स्पष्ट दिसत होतं. अशी कॅसेट तशीच लावली की तंतू व्हीसीआरच्या हेडवर बसतात, चित्र काही सेकंदांत बर्फाळ होतं, आणि पुढे त्या मशीनमध्ये जाणाऱ्या प्रत्येक कॅसेटला लागण होते. त्याहून वाईट म्हणजे चिकटलेले वेढे सुटताना पट्टी फाटू शकते.

साफसफाई गच्चीत, तोंडाला मास्क लावून केली. डबीला खालून पाच स्क्रू असतात. ते काढून झाकण सरळ वर उचलायचं, कारण आत एक छोटी स्प्रिंग असते आणि ती उडून हरवते. दोन्ही चाकं काढून एका स्वच्छ, रिकाम्या डबीत बसवली. मग पट्टी हळूहळू एका चाकावरून दुसऱ्यावर गुंडाळत, मध्ये धागे न सुटणारं कापड ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलनं किंचित ओलसर करून पट्टीच्या दोन्ही अंगांना हलकेच टेकवलं. औषधाच्या दुकानात मिळणारं ७० टक्क्यांचं अल्कोहोल इथं नको, कारण उरलेलं पाणीच असतं. कापडावर तपकिरी रंग उतरू लागला तर हात लगेच थांबवायचा. तो रंग म्हणजे लोहकण आहेत, आणि ज्या लोहकणांत चित्र आहे तेच आपण पुसून काढत असतो. या कॅसेटवर कापड करडं झालं, तपकिरी झालं नाही.

आणखी एक काम त्याच वेळी उरकलं. कॅसेटच्या पाठच्या कडेला डाव्या हाताला प्लास्टिकची एक छोटी चकती असते. ती मोडली की त्या कॅसेटवर नवीन रेकॉर्डिंग होत नाही. इथं ती शाबूत होती, म्हणून मोडली. इतकी वर्षं ती शाबूत राहिल्याचा परिणामही लवकरच दिसला. पाठवणीच्या मधोमध चित्र तुटतं आणि दूरदर्शनवरचा एक कार्यक्रम सुरू होतो. घरातल्या कुणीतरी त्याच कॅसेटवर रेकॉर्डिंग केलं होतं. व्हीसीआरमध्ये नव्या रेकॉर्डिंगच्या आधी पट्टीची पूर्ण रुंदी पुसणारं स्वतंत्र हेड असतं, त्यामुळे त्याखालचं काहीही परत येत नाही. पाठवणीचा उत्तरार्ध कायमचा गेला. नातवाला याचं वाईट वाटलं, मलाही वाटलं.

आता व्हीसीआर. जपानच्या जेव्हीसी कंपनीनं १९७६ मध्ये व्हीएचएस आणलं आणि फुनाई या जपानी कंपनीनं जुलै २०१६ मध्ये व्हीसीआर बनवणं थांबवलं. ती असं मशीन बनवणारी शेवटची मोठी कंपनी होती. म्हणजे आज जो व्हीसीआर मिळतो तो जुनाच असतो. पुण्यात बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात ते अजून अधूनमधून दिसतात. नातवानं तिथं जायची तयारी दाखवली तेव्हा मी त्याला एकच अट घातली: मशीनच्या तोंडावर ‘हाय-फाय’ लिहिलेलं असेल तरच घे. ती अट का, यातच या सगळ्या प्रकरणाचं मर्म आहे.

लग्नाच्या त्या काळातल्या व्हिडिओंबद्दल सगळ्यांची एकच तक्रार असते. पाहायला जावं तर माणसं बोलताना दिसतात, पण ऐकू येतात ती सिनेमाची गाणी. हे आम्हीच केलेलं आहे. शूटिंगनंतर ‘मिक्सिंग’ व्हायचं. म्हणजे कॅमेऱ्यातल्या मूळ कॅसेटवरून दुसऱ्या कॅसेटवर चित्र उतरवायचं, मध्ये बदामाच्या आकारात नवरा-नवरी, फुलं उधळल्याचे इफेक्ट वगैरे घालायचे, आणि शेवटी आवाजाच्या जागी गाणी टाकायची. गिऱ्हाइकांना तेच हवं असायचं. खरा आवाज फक्त मंगलाष्टकं आणि उखाणे यांच्यापुरता ठेवायचा. या कॅसेटवरही तसंच होतं. आजी कन्यादानाच्या वेळी जवळजवळ पाच मिनिटं पडद्यावर आहेत, लेकीच्या कानाशी वाकून काही बोलतात, आजोबांकडे वळून काही सांगतात, आणि त्या पाचही मिनिटांवर गाणं आहे. घरच्यांनी गेली तीस वर्षं त्यांचे ओठ हलताना पाहिले होते.

पण व्हीएचएसवर आवाज दोन ठिकाणी राहू शकतो. पहिली जागा सगळ्या कॅसेटवर असते. पट्टीच्या वरच्या कडेला एक मिलिमीटरच्या आसपास रुंदीची लांबलचक रेघ असते, आणि स्थिर हेड ती वाचतं. आपल्याकडच्या पाल पद्धतीत पट्टी सेकंदाला जेमतेम २३.४ मिलिमीटर सरकते, म्हणून या रेघेवर आवाज मंद आणि दबका येतो. दुसरी जागा हाय-फाय मशीनमध्ये वापरली जाते. चित्र नोंदवणारी हेडं ६२ मिलिमीटर व्यासाच्या एका ड्रमवर बसवलेली असतात आणि तो ड्रम मिनिटाला १५०० वेळा फिरतो. त्यामुळे हेड आणि पट्टी यांच्यातला वेग सेकंदाला पावणेपाच मीटरच्या पुढे जातो. हाय-फाय मशीनमध्ये याच ड्रमवर आवाजाची वेगळी हेडं असतात. ती आधी आवाज पट्टीच्या थरात खोलवर नोंदवतात, आणि क्षणभरानं चित्राची हेडं त्याच जागी वरच्या थरात चित्र नोंदवतात. आवाज खाली, चित्र वर.

याचा एक परिणाम असा, की हाय-फाय आवाज चित्राला हात न लावता बदलता येत नाही. त्या काळातल्या मशीनवर ‘ऑडिओ डब’ नावाचं बटण असायचं. चित्र तसंच ठेवून नुसता आवाज बदलायची ती सोय होती, आणि ती फक्त कडेच्या रेघेवरचा आवाज पुसून नवा टाकायची. खोलवरचा आवाज तसाच राहायचा. आता स्टुडिओत काय व्हायचं पाहा. कॅमेऱ्यातल्या कॅसेटवरून हाय-फाय मशीनवर चित्र उतरवताना मूळ आवाज दोन्ही जागी नोंदवला जायचा. मग ऑडिओ डबचं बटण दाबून गाणी टाकली की कडेची रेघ बदलायची. गिऱ्हाइकाच्या घरी असायचा साधा, मोनो व्हीसीआर. त्याला खोलवरचा आवाज वाचताच येत नसे. त्याला फक्त गाणी ऐकू यायची.

प्रत्येक कॅसेटवर असं असेलच असं नाही, हे आधीच सांगतो. स्टुडिओत साधं मशीन असेल तर दुसरा आवाज नसतो. गाणी ऑडिओ मिक्सरमधून आधीच घालून मग कॉपी केली असेल तर दोन्ही जागी गाणीच असतात. आणि घरात आहे ती कॅसेट मिक्सिंग झालेल्या कॅसेटवरून काढलेली आणखी एक प्रत असेल, तर त्या प्रतीत फक्त जे ऐकू येत होतं तेच उतरलेलं असतं. नातेवाइकांना वाटलेल्या कॅसेटची अशी गत असते. म्हणून घरात एकाच लग्नाच्या दोन-तीन कॅसेट असतील तर सगळ्या तपासाव्यात. सर्वांत स्वच्छ चित्र जिच्यावर आहे ती पहिल्या पिढीची असण्याची शक्यता जास्त.

जुन्या बाजारातून आणलेल्या मशीनचा ड्रम साफ केला, आधी एक नको असलेली कॅसेट चालवून पाहिली, आणि मग ही लावली. इथं दुसरा नियम. जुनी कॅसेट पहिल्यांदा चालवताना रेकॉर्डिंग सुरू असलंच पाहिजे. आधी नुसती पाहू, आवडलं तर उतरवून घेऊ, असं करायचं नाही, कारण पहिल्या फेरीत नीट आलेला भाग दुसऱ्या फेरीत येईलच याची खात्री नसते. कॉम्प्युटरवर चित्र उतरवताना तडजोड न करणारा, म्हणजे काहीही न गाळणारा प्रकार वापरला. त्याला तासाला साधारण २५ ते ४० जीबी जागा लागते. आज ती जागा स्वस्त आहे, तेव्हा इथं काटकसर करू नये.

हाय-फाय मशीन आपोआप खोलवरचा आवाज शोधतं. पहिली काही मिनिटं मोठी गुणगुण आली. ती ऐकून अनेक जण समजतात की आवाज बिघडला आहे. खरं तर पालमध्ये दोन हेडं एकमेकांकडे काम सोपवतात ती सेकंदाला ५० वेळा, आणि ती अचूक रेघेवर नसतील तर प्रत्येक बदलाला एक ठोका पडतो. त्या ठोक्यांचाच तो भुणभुण आवाज असतो. ट्रॅकिंगचं बटण हळूहळू फिरवलं की तो कमी होतो. तसा तो कमी झाला आणि गाणं नाही, तर कार्यालयातला गलका ऐकू येऊ लागला. भांडी, भटजी, लहान मुलं, आणि कुणीतरी मोठ्यानं म्हणालं, “अहो, जरा सरका की बाजूला!” नातू खुर्चीतून उठून उभा राहिला.

कन्यादानाच्या वेळी आजींनी लेकीच्या कानात काय सांगितलं होतं ते त्या दिवशी कळलं. “पदर नीट घे गं. आणि पाणी पी घोटभर, सकाळपासून काही घेतलं नाहीस.” त्या आजोबांना म्हणाल्या होत्या, “धार धरते मी, तुम्ही हात स्थिर ठेवा.” कन्यादानात पाण्याची धार आईनं धरायची असते. आजोबांचा हात खरंच थरथरत होता, ते चित्रात आधीपासून दिसत होतं. आजोबा आता नाहीत.

दुसऱ्या फेरीत कडेच्या रेघेवरचा, गाण्यांचा आवाजही उतरवून ठेवला. तोसुद्धा त्या कॅसेटचा भाग आहे आणि घरच्यांच्या आठवणीत ती गाणीच आहेत. मूळ फाइल, दोन्ही आवाजांसकट, एका डिस्कवर ठेवली, तिची प्रत दुसऱ्या डिस्कवर आणि तिसरी दुसऱ्या घरी. संपादनाचं सगळं काम वेगळ्या प्रतीवर करायचं ठरलं.

मग चित्राकडे वळलो. टीव्हीवर जे चित्र सुरळीत दिसतं ते कॉम्प्युटरवर हलणाऱ्या हाताच्या कडेला कंगव्यासारखे दात घेऊन येतं. याला बिघाड म्हणता येणार नाही. पाल चित्रात पडद्यावर दिसणाऱ्या ५७६ ओळी असतात, पण कॅमेरा त्या एकदम टिपत नाही. आधी एकाआड एक २८८ ओळी आणि १/५० सेकंदानं उरलेल्या २८८. म्हणजे सेकंदाला ५० अर्धी चित्रं. कॉम्प्युटर दोन अर्धी एकत्र जोडून दाखवतो, आणि मधल्या १/५० सेकंदात हात सरकलेला असतो, म्हणून दात दिसतात. अनेक जण दोन अर्ध्यांतलं एक टाकून देतात. दात जातात, पण निम्मी हालचालही जाते, आणि अक्षता टाकणारा हात धक्के खात हलतो. योग्य उपाय म्हणजे प्रत्येक अर्ध्या चित्राचं पूर्ण चित्र करायचं, म्हणजे सेकंदाला ५० चित्रं मिळतात आणि हालचाल जशी होती तशीच मऊ राहते. नातवानं ffmpeg हा मोफत प्रोग्रॅम वापरून ते असं केलं:

```
ffmpeg -i mul_file.mkv -vf "bwdif=mode=send_field:parity=tff,crop=704:576:8:0,scale=1440:1080,setsar=1" -c:v libx264 -crf 16 -pix_fmt yuv420p -c:a pcm_s16le sampadan.mov
```

यात `parity=tff` म्हणजे वरच्या ओळींचं अर्धं चित्र आधीचं. अॅनालॉग कॅसेटवरून उतरवलेल्या पालसाठी सहसा हेच बरोबर असतं. चुकलं तर लगेच कळतं, चालणारा माणूस एक पाऊल पुढे, अर्धं मागे असा थरथरताना दिसतो. तसं झालं तर `bff` लिहायचं. चित्राच्या अगदी तळाशी काही ओळी वाकड्या, फुटलेल्या दिसतात. तीही हेडांच्या अदलाबदलीची जागा आहे. जुन्या टीव्हीच्या चौकटीत ती झाकली जायची, आता तिच्यावर काळी पट्टी टाकली की झालं.

पडद्याच्या आकारावरून आमचा थोडा वाद झाला. नातवाला आजच्या रुंद टीव्हीवर चित्र पूर्ण भरलेलं हवं होतं. जुनं चित्र ४:३ आकाराचं असतं. ते १६:९ मध्ये भरायचं तर वरखालून मिळून एक चतुर्थांश चित्र कापावं लागतं. ५७६ ओळींपैकी ४३२ उरतात. आजींच्या मोजक्या चित्रांत हा चतुर्थांश म्हणजे कुठं कपाळ, कुठं आजोबांचा धार घेणारा हात. ताणून रुंद केलं तर चेहरे आडवे होतात. शेवटी दोन्ही बाजूंना काळी जागा ठेवून चित्र जसं होतं तसं ठेवलं. मला वाटतं, अशा कामात हाच निर्णय बरोबर असतो. चेहरा गुळगुळीत करणारे आणि चित्र ‘फोर-के’ करणारे फिल्टर त्यानं लावून पाहिले आणि स्वतःच काढून टाकले. व्हीएचएसमध्ये आडव्या दिशेला सुमारे २४० ओळींइतकाच तपशील असतो. जो तपशील कॅसेटवर नाही तो फिल्टर अंदाजानं भरतो, आणि मग आजी आजींसारख्या दिसत नाहीत.

रंगांचं काम मात्र करण्यासारखं असतं. व्हीएचएसवर रंगाचा तपशील काळ्या-पांढऱ्या तपशिलापेक्षा कितीतरी कमी असतो, आणि लाल रंग सगळ्यात जास्त पसरतो. नवरीचा लाल शालू तिच्या खांद्याबाहेर उजवीकडे ओघळलेला दिसत होता. रंगाचा थर दोन-तीन ठिपके डावीकडे सरकवला आणि लाल थोडा उतरवला, तेवढ्यानं पुष्कळ फरक पडला. हॅलोजनच्या प्रखर पिवळ्या दिव्यामुळे सगळे कावीळ झाल्यासारखे दिसत होते. तिथं भटजींच्या पांढऱ्या उपरण्याला पांढरं मानून रंग सावरले. पूर्ण सावरू नयेत, त्या दिव्यांचा पिवळेपणा त्या काळच्या कार्यालयाचाच आहे.

आवाजाची सफाई जपून करावी लागते. वीजपुरवठ्याची गुणगुण ५०, १०० आणि १५० हर्ट्झवर असते, ती अरुंद कात्रीनं कापली तर बोलण्याला धक्का लागत नाही. भोवतालचा गलका कमी करताना मात्र हात आखडता ठेवावा. जास्त कमी केला की आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो आणि शब्द ओळखणंच कठीण होतं.

संपादनाआधी नातवानं एक वही केली. आजी कुठं दिसतात, किती सेकंद, आवाज कोणता, सोबत कोण. तेवीस जागा निघाल्या, सगळ्या मिळून सुमारे अकरा मिनिटं. काही जागी त्या नुसत्या चौकटीच्या कडेनं हातात तबक घेऊन निघून जातात. पहिल्या जुळणीत त्यानं त्या जागा गाळल्या होत्या आणि उरलेल्या भागांचे दोन-दोन सेकंदांचे तुकडे करून संगीतावर बसवले होते, जसे आज मोबाइलवर व्हिडिओ करतात. मी त्याला म्हटलं, “अरे, ज्यांना हे दाखवायचंय त्यांचं वय बघ.” ऐंशी ओलांडलेल्या माणसाला चेहरा ओळखायला वेळ लागतो, त्यात मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरचे डोळे. शिवाय आजी आधी ओळखतात आणि मग त्या माणसाबद्दल काहीतरी आठवतात. हे आठवणं चित्र दिसत असतानाच व्हायला हवं. म्हणून प्रत्येक तुकडा किमान सहा-सात सेकंद ठेवला आणि कडेनं जाणाऱ्या आजी परत घेतल्या. त्या दिवसभर कशा धावत होत्या ते त्याच तुकड्यांतून दिसतं.

कन्यादान एका सलग तुकड्यात ठेवलं. त्यात कॅमेरा डळमळतो, मध्येच कुणाचं तरी डोकं आडवं येतं, तरी कापलं नाही. तिथं कुठं कापलं असतं तर बोलणं तुटलं असतं. आवाजाखाली संगीत घातलं नाही. वय वाढताना उंच स्वर आधी ऐकू येईनासे होतात, आणि शब्द स्पष्ट करणारे स, श, त, क यांसारखे उच्चार त्याच उंच भागात असतात. संगीत असलं की ते पहिल्यांदा झाकले जातात. म्हणून बोलण्याचा उंच भाग थोडा उचलला आणि शब्द मोठ्या अक्षरांत खाली लिहिले.

शेवट कुठं करायचा यावर तो बराच अडला. पाठवणीचा अर्धाच भाग उरला होता आणि त्यात आजी रडताहेत. फिल्म तिथं संपवली की सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी येणार, हे त्याला दिसत होतं. पण वाढदिवसाला पाहुण्यांसमोर आजींना रडताना दाखवावं का, हा प्रश्न उरला. त्यानं ती फिल्म आधी एकट्या आत्याला, म्हणजे त्या लग्नातल्या नवरीला दाखवली. आत्या म्हणाली, “रडणं काढ. आईला आवडणार नाही. पंगतीतलं नाव घेतानाचं शेवटी ठेव.” तसंच एका नातेवाइकाबद्दल कुणीतरी कॅमेऱ्याजवळ कुजबुजलेलं एक वाक्य खोलवरच्या आवाजात सापडलं होतं, तेही आत्याच्या सांगण्यावरून काढलं. अशा जुन्या आवाजात लोकांनी कुणी ऐकत नाही असं समजून बोललेलं बरंच असतं. ते सगळं समारंभात ऐकवायचं नसतं, आणि हे ठरवायला घरातलं एक जाणतं माणूस आधीच विश्वासात घेणं बरं.

शेवट पंगतीनं झाला. आजींना आग्रह करकरून उखाणा घ्यायला लावतात, त्या दोनदा नाही म्हणतात, मग आजोबांचं नाव घेतात. तयार झालेली फिल्म सात मिनिटांची झाली.

समारंभात ती टीव्हीला चांगला स्पीकर जोडून दाखवली, कारण बारीक टीव्हीच्या मागच्या अंगाचे स्पीकर बोलणं भिंतीकडे फेकतात. आजींनी कन्यादानाचा भाग पाहून पुन्हा लावायला सांगितला. स्वतःचा चेहरा त्या फारसा पाहत नव्हत्या. “हे बोलले होते मी?” असं विचारून त्यांनी आत्याकडे पाहिलं, आणि मग आजोबांच्या हाताबद्दल बोलू लागल्या. नातवानं ते बोलणंही मोबाइलवर रेकॉर्ड केलं.

चित्रपटांसाठी पुण्यात १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. घरगुती कॅसेटसाठी असं ठिकाण माझ्या माहितीत नाही, त्या फक्त घरातच टिकतात किंवा जातात. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय चित्र-ध्वनी संग्रहालयानं चुंबकीय पट्ट्यांवरचा जो ऐवज २०२५ पर्यंत उतरवून घेतला जाणार नाही तो बहुधा गमवावा लागेल, असा इशारा दिला होता. कारण पट्टी खराब होते हे आहेच, पण त्याहून आधी चालू मशीन, त्यांचे सुटे भाग आणि ती दुरुस्त करणारी माणसं संपतात.

तेव्हा माळ्यावर लग्नाची, मुंजीची, डोहाळजेवणाची कॅसेट असेल तर या पावसाळ्याच्या आत ती खाली काढा. खिडकीतून पट्टीची कड पाहा, पाठची चकती मोडा, आणि उतरवून देणाऱ्याला देताना दोन प्रश्न जरूर विचारा: तुमचं मशीन हाय-फाय आहे का, आणि दोन्ही आवाज वेगवेगळे उतरवून द्याल का? उतरवून देणारे बहुतेक जण आपणहून फक्त एकच आवाज देतात. आणि मूळ कॅसेट परत घ्यायला विसरू नका.